दोन पत्रिकांतले भाग्यस्थान समोरासमोर कसे वाचावे: चूक टाळून, पायरीपायरीने

गुण २६ जुळले, मंगळ नाही, नाडी वेगळी. एवढे झाले की पत्रिका पाकिटात घालून हॉलच्या चौकशीला लागायचे, अशी आपल्याकडची रीत. मग पहिल्याच गणपतीत घरात वाद होतो. गणपती दीड दिवसाचा की पाच दिवसांचा हा त्या वादाचा विषय नसतोच. ‘हे सगळे करायचे तरी कशाला’ यावरून तो पेटतो.

गुणमेलनात हा प्रश्न येतच नाही. छत्तीस गुणांची आठही कूटे चंद्राच्या नक्षत्रावरून आणि राशीवरून काढतात. त्यात लग्न नाही, त्यामुळे स्थानेही नाहीत. दोघांची श्रद्धा, मूल्ये, आयुष्याकडे पाहण्याची नजर यांसाठी दोन्ही पत्रिकांतले नवमस्थान वेगळे काढून बसावे लागते. वेंगुर्ल्यापासून गुहागरापर्यंतच्या घरांतल्या पत्रिका मी पाहत आलो आहे, आणि लोक हे काम घरी करायला बसले की त्याच चार चुका पुन्हा होतात. म्हणून क्रम लिहून ठेवतो.

## तयारी: तीन गोष्टी हातात असल्याशिवाय बसू नका

पहिली, जन्मवेळ. लग्नरास साधारण दोन तासांत बदलते आणि लग्न बदलले की नवमस्थानच बदलते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते, म्हणजे वेळ आजोळच्या माणसांच्या आठवणीत असते: ‘संध्याकाळची एसटी गेली आणि झाला’. ही वेळ नव्हे. दवाखान्याचा कागद किंवा तेव्हाच कुणी वहीत केलेली नोंद मिळवा. ती नसेल, तर सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास मागची आणि अर्धा तास पुढची पत्रिका काढा. तिन्हींत लग्नरास एकच आली तर पुढे जा. बदलली तर हा लेख तुमच्या उपयोगाचा नाही. आधी वेळेचा छडा लावा.

दुसरी, दोन्ही पत्रिका एकाच पद्धतीने काढलेल्या हव्यात. मुलाची पंचांगकर्त्यांनी चित्रापक्ष अयनांशाने केलेली आणि मुलीची एखाद्या पाश्चात्त्य ॲपवरची, असे असेल तर सुमारे चोवीस अंशांचा फरक पडतो आणि बहुतेक ग्रह एक रास पुढे सरकलेले दिसतात. दोन्ही स्वतः, एकाच साधनाने, नव्याने काढा.

तिसरी, ग्रहांचे अंश. नुसती चौकट पुरत नाही, कारण नवमांशासाठी अंश लागतात.

तपासणी: बुध रवीपासून २८ अंशांपेक्षा लांब जात नाही. शनी रवीच्या समोरच्या राशीत असेल तर तो वक्रीच असतो. पत्रिकेत यांपैकी काही चुकलेले दिसले तर अर्थ लावत बसू नका. ती पत्रिकाच चुकीची आहे.

## १. नवमस्थान कुठले, ते बोट ठेवून दाखवा

ही चूक इतक्यांदा होते की वेगळी पायरी करावी लागली. चौकटीत लिहिलेले आकडे राशींचे असतात, स्थानांचे नसतात. जिथे ९ लिहिले आहे तिथे धनू रास आहे. ते नववे घर असेलच असे नाही.

वरचा मधला चौकोन म्हणजे लग्न. तिथून डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने मोजत चला. सातवे घर लग्नाच्या बरोबर खाली येते, आठवे खालच्या बाजूला उजवीकडचा त्रिकोण, आणि त्याच्याच वर, उजव्या कडेला खालचा त्रिकोण म्हणजे नववे. आपल्या पत्रिकेत ते नेहमी तिथेच असते. पेन्सिलीने तिथे खूण करा, त्यातली रास लिहा आणि त्या राशीचा स्वामी लिहा. तो भाग्येश.

सावध: ‘भाग्यस्थान’ या नावाने फसू नका. लग्नाच्या बैठकीत त्याचा अर्थ नशीब, पैसा, परदेश असा लावतात. आपल्याला इथे त्याचे धर्मस्थान हे रूप पाहायचे आहे: माणूस कशाला बरोबर म्हणतो, कुणाला गुरू मानतो, कुठल्या कारणासाठी वाट वाकडी करतो.

शेजारच्या घरांचे विषयही यात मिसळू नका. रोजची पूजा, जप, मंत्र हे पंचमाचे. खाणेपिणे आणि घराण्याची रीत द्वितीयाची. मासे खातो की नाही हा द्वितीयाचा प्रश्न. का खात नाही हा नवमाचा.

## २. दोन्ही पत्रिका आधी वेगवेगळ्या वाचा

दोन पत्रिका शेजारी ठेवल्या की डोळा लगेच तुलनेला धावतो. ते टाळायला एक झाकून ठेवा. प्रत्येकीत तीनच गोष्टी, याच क्रमाने पाहा: नवमात कोणता ग्रह आहे आणि त्यावर कुणाची दृष्टी आहे, भाग्येश कुठे बसला आहे, आणि श्रद्धेचा कारक गुरू कसा आहे. वडिलांकडून आलेल्या संस्कारासाठी रवी ओझरता पाहा. पिता कुणी नवमावरून पाहतात, आपल्याकडे बरेच जण दशमावरून. कुठलेही एक धरा, पण दोन्ही पत्रिकांना तेच लावा.

इथून एक खरे प्रकरण घेतो. ओळख पटू नये म्हणून गाव आणि घराण्याचे तपशील बदलले आहेत, ग्रह तेच आहेत.

मुलगी. लग्न कर्क. नवमात मीन रास, तिथे शनी. भाग्येश गुरू सप्तमात मकरेत, २१ अंशांवर, नीच. रवी पंचमात वृश्चिकेत.

मुलाच्या आईने पत्रिका समोर टाकली आणि थेट विचारले, “गुरुजी, ह्या चेडू देवाक हात तरी जोडतला काय?” त्यांना कुणीतरी सांगितले होते की धर्मस्थानात शनी आणि वर भाग्येश नीच, म्हणजे मुलगी नास्तिक निघणार.

हीच पहिली मोठी चूक: एका शब्दावर थांबणे. नीच गुरू मकरेत आहे, मकरेचा स्वामी शनी, आणि तो शनी गुरूच्याच मीन राशीत. दोघे एकमेकांच्या घरात बसले आहेत. हा अन्योन्य योग. सप्तम आणि नवम असे एकमेकांत गुंतले की धर्माचा प्रश्न या मुलीला जोडीदारामार्फतच भेटतो. नवमातला शनी श्रद्धा काढून घेत नाही, तिला कोरडी आणि शिस्तीची करतो. अशी माणसे आरतीत डोळे मिटून डोलणार नाहीत, पण धरलेला नेम सोडणार नाहीत.

लगेच ‘मोठा राजयोग’ म्हणून पेढेही वाटू नका. कर्क लग्नाला गुरू षष्ठेशही आहे आणि शनी अष्टमेशही. म्हणजे या देवघेवीत कर्तव्याचे ओझे आणि मनात दाबून ठेवणे हेही आलेच. प्रत्येक वेळी भाग्येशाकडे दुसरे कोणते घर आहे हे पाहा. ते न पाहणे ही दुसरी मोठी चूक.

मुलगा. लग्न मिथुन. नवमात कुंभ रास, तिथे स्वगृही शनी, १५ अंशांवर, वक्री. पंचमात तुळेत गुरू आणि राहू. तृतीयात सिंहेचा रवी, म्हणजे शनीच्या बरोबर समोर.

इथे घाबरवणारा शब्द ‘गुरुचांडाळ’. पण तुळेतला गुरू पाचव्या दृष्टीने कुंभेला, म्हणजे नवमालाच पाहतो. अर्थ असा की धर्मस्थान भक्कम आहे, मात्र तिथे पडणारा प्रकाश प्रश्न विचारणारा आहे. हा मुलगा रीत पाळेल, आणि ‘का’ हेही विचारेल. समोरचा रवी सांगतो की हा ‘का’ बहुतेक वडिलांनाच विचारला जाणार.

तपासणी: प्रत्येक पत्रिकेवर तुमच्या शब्दांत दोनच वाक्ये लिहा, त्यात ग्रहाचे नाव येऊ देऊ नका. नाव आल्याशिवाय लिहिता येत नसेल तर वाचन अजून झालेले नाही. मी मुलीपुढे लिहिले: ‘नेमाला पक्की, दाखवायला नको. लग्नानंतर श्रद्धेची दिशा ठरेल.’ मुलापुढे: ‘जबाबदारी म्हणून करील, पण पटवून घेतल्याशिवाय नाही. वडिलांशी यावरून खटका.’

## ३. भाग्येश नवमांशात तपासा

रास पाहून केलेले मत इथे पुष्कळदा पालटते. नवमांश म्हणजे राशीचे नऊ भाग, प्रत्येक ३ अंश २० कलांचा. चर राशीत मोजणी त्याच राशीपासून सुरू होते, स्थिर राशीत तिच्या नवव्यापासून, द्विस्वभाव राशीत पाचव्यापासून.

मुलीचा गुरू मकरेत २१ अंशांवर. २० अंशांपासून २३ अंश २० कलांपर्यंत सातवा भाग. मकर चर रास, म्हणून मकरेपासूनच मोजायचे. सातवी रास कर्क, म्हणजे गुरूची उच्च रास. ज्या गुरूमुळे मुलगी नाकारायला निघाले होते तो नवमांशात उच्च निघाला.

मुलाचा शनी कुंभेत १५ अंशांवर, म्हणजे पाचवा भाग. कुंभ स्थिर, तिची नववी रास तूळ. तुळेपासून पाचवी पुन्हा कुंभ. राशीतही कुंभ, नवमांशातही कुंभ: वर्गोत्तम. याचे मत सहजी हलणार नाही. हा गुण म्हणा किंवा हट्ट.

सावध: ग्रहांचे नवमांश जन्मवेळ पाच-दहा मिनिटे चुकली तरी सहसा टिकतात, ग्रह भागाच्या अगदी कडेला असेल किंवा चंद्र असेल तर जपून. नवमांश लग्न मात्र सरासरी तेरा-चौदा मिनिटांत बदलते. आजोळच्या आठवणीतल्या वेळेवर नवमांश लग्नाचे नवम काढून निष्कर्ष काढू नका. या कामापुरता भाग्येश कुठल्या नवमांशात आहे एवढेच घ्या.

## ४. आता समोरासमोर ठेवा

झाकलेली पत्रिका आता उघडा. दोन्ही भाग्येशांचे नाते आधी पाहा. इथे गुरू आणि शनी, दोघे एकमेकांना सम, ना मित्र ना शत्रू. बहुतेक जण इथेच थांबतात आणि ‘मध्यम’ असा शेरा मारतात. तिसरी मोठी चूक ती हीच, कारण खरी माहिती पुढच्या मोजणीत आहे: एकाचा भाग्येश दुसऱ्याच्या लग्नापासून कितव्या घरात पडतो?

मुलीचा गुरू मकरेत. मुलाच्या मिथुन लग्नापासून मकर आठवी. मुलाचा शनी कुंभेत. मुलीच्या कर्क लग्नापासून कुंभही आठवी. दोघांचे भाग्येश एकमेकांच्या अष्टमात.

अष्टम म्हटले की लोकांच्या तोंडचे पाणी पळते. इथे मृत्यूचा संबंध नाही. अष्टम म्हणजे झाकलेले, न बोललेले. एकाची जी धारणा, ती दुसऱ्याला सहज दिसत नाही, आणि विचारायचीही भीड वाटते. भाग्येश दुसऱ्याच्या लग्नात, पंचमात किंवा नवमात पडला असता तर हे विषय जेवताना आपोआप निघाले असते. षष्ठात पडला असता तर रोज वाद झाला असता, पण निदान कळले तरी असते. अष्टमात शांतता असते, आणि ती जुळल्यासारखी भासते.

दुसरी गोष्ट, दोघांत समान ग्रह आहे का? मुलाच्या नवमात शनी, मुलीच्याही नवमात शनी. धर्म म्हणजे आधी कर्तव्य, हे दोघांचे न बोलता ठरलेले आहे. राशी मात्र कुंभ आणि मीन, एकमेकींपासून दुसरी-बारावी. कुंभेचा माणूस नियम सगळ्यांना सारखा हवा म्हणतो. मीन म्हणते, ज्याला जे भावेल ते त्याने करावे. पाया एक, पण वर बांधायच्या घराचे नकाशे दोन.

तपासणी: ही मोजणी दोन्ही बाजूंनी केली का? मुलाच्या लग्नापासून मुलीचा भाग्येश एवढेच पाहून उठणारे खूप आहेत. सासरच्या बाजूनेच पाहायची जुनी सवय, दुसरे काय.

## ५. निष्कर्ष लिहू नका, प्रश्न लिहा

चौथी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे इथवर येऊन ‘जुळते’ किंवा ‘जुळत नाही’ असे सांगून मोकळे होणे. पत्रिकेला एवढे सांगता येत नाही. डॉ. जयंत नारळीकर यांनी २००८ च्या सुमारास महाराष्ट्रातल्या ज्योतिष्यांची चाचणी घेतली होती. २७ जणांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन हुशार मुले कोणती आणि मतिमंद कोणती हे ओळखायला सांगितले. यश सरासरी ४६ टक्के, म्हणजे नाणे उडवल्यासारखेच. ही आकडेवारी मी विसरत नाही, आणि म्हणूनच नवमावरून कुणाचे लग्न मोडत नाही की लावत नाही. लोक एरवी जे विचारायचे टाळतात ते विचारायला पत्रिका निमित्त देते, तेवढे मला पुरते.

प्रश्न नेमके हवेत. ‘तुझा देवावर विश्वास आहे का’ असे विचारले तर ‘हो’ यापलीकडे काही मिळणार नाही. आपल्या घरांत घडतात त्या प्रसंगांवर विचारा. या जोडीसाठी अष्टमाचा विषय, म्हणजे न बोललेले, डोळ्यांपुढे ठेवून मी हे लिहून दिले:

- घरात मोठा निर्णय अडला आणि वडीलधारे म्हणाले की देवळात कौल लावू, तर कौल तुझ्या मनाविरुद्ध आला तरी मानशील का?
- राखणदाराला कोंबडा द्यायचा आहे. तू तिथे उभा राहशील का? उभी राहशील का?
- शिमग्याला पालखी दारात येते त्या दिवशी रजा मिळाली नाही, तर काय करशील?
- घरच्यांना माहीत नाही असे तू काय करतोस, काय करतेस?

दोघांना वेगवेगळे बसवा. घरचे शेजारच्या खोलीतही नकोत. ओसरीवर बसवून आत चहा करणारी आई सगळे ऐकत असते.

मुलाने कागदावर लिहिले की कौल तो मानत नाही. विहिरीची जागा कौलाने ठरवायची की पाणाड्या आणि यंत्र आणून, यावरून वडिलांशी दोन महिने अबोला होता. पण पालखीला खांदा द्यायचा मान घराण्याचा आहे, तो त्याने एकदाही चुकवलेला नाही. चुकवणारही नाही.

मुलगी माळकरी घरातली. एकादशी कधी मोडली नाही. हॉस्टेलला असताना मात्र अंडी खायला लागली होती, ते घरी अजून माहीत नव्हते. मासे दुसऱ्या कुणी खाल्ले तर हरकत नाही, पण आपण साफ करणार नाही. कोंबड्याच्या वेळी तिथे उभी राहणार नाही. कौलाबद्दल तिने लिहिले, ‘तुमच्या घरचा आहे, तुम्ही ठरवा.’

हे शेवटचे उत्तर मला खटकले. मीनेचे ‘ज्याला जे भावेल ते’ दिसायला समजूतदार असते, पण वर्गोत्तम शनीच्या माणसाला ते अंग काढून घेतल्यासारखे वाटते. म्हणून तो एक प्रश्न दोघांना समोरासमोर बसवून पुन्हा विचारला. तेव्हा ती म्हणाली, “मला कौलाची भीती वाटते. नाही आला तर?” मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. बाकी कागदापेक्षा ते एक वाक्य त्याला अधिक उपयोगी पडले असावे.

## ६. उत्तरे कुठे ठेवायची

उत्तरांतून तीन प्रकार वेगळे काढा: दोघांचे एकच आहे ते, वेगळे आहे पण चालेल ते, आणि वेगळे आहे व चालणार नाही ते. तिसऱ्या प्रकारात काही आले तर त्यावर लग्नाआधीच, दोघांच्याच तोंडून, एक ठरलेले वाक्य हवे. या जोडीत तिथे दोनच गोष्टी आल्या. मासळी घरात येईल पण ती साफ करणार नाही, हे एक. राखण देताना ती घरात थांबेल आणि कुणी तिला बोलावणार नाही, हे दुसरे. दुसरे वाक्य आईला सांगायचे काम मुलाने स्वतःकडे घेतले. ते गुरुजींवर ढकलायचा प्रयत्न झाला होता, मी नाही म्हटले.

सावध: या वेळी कुणी शांत किंवा उपाय विचारेल. ‘नवमातल्या शनीला काहीतरी करा ना.’ जो ग्रह माणसाला नेम पाळायला लावतो आहे, त्याची शांत करून नेमके काय हवे आहे, हे आधी त्यांनाच विचारा.

कागद दोन प्रतींत लिहा आणि दोघांकडे एकेक द्या. पत्रिकांच्या पाकिटात ठेवू नका. ते पाकीट मामांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे उघडतात, आणि अंड्यांची गोष्ट गुहागरला पोहोचायला एक दिवसही लागत नाही.